मुख्याध्यापकांना छतावरच्या सोलरसाठी पत्र लिहितेय, मागच्या वर्षीच्या बिलांवरून हिशोब काढलाय, कोणी तपासून देईल का?

विज्ञानाच्या_बाई

नमस्कार मंडळी. मी बार्शी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत बसून ऑफिसमधून मागच्या वर्षीची, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ ची बारा बिलं काढून घेतली आणि आमच्या सरांना द्यायला एक पत्र तयार केलंय. शाळेला वीजबिल वेतनेतर अनुदानातून भरावं लागतं आणि ते अनुदान कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही, मागच्या वर्षी दोनदा बिल थकलं, एकदा तर लाइनमन तोडायला दारात उभा होता आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलं बसलेली. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

पत्रातला मुख्य भाग असा आहे:

"मा. मुख्याध्यापक यांस, सविनय सादर. गतवर्षी आपल्या शाळेचा एकूण वीजवापर ११,५०० युनिट असून त्यापोटी रु. १,२०,६०० इतके बिल आले आहे, म्हणजे प्रतियुनिट सरासरी रु. १०.४९ पडतात. शाळेच्या छतावर १० किलोवॅटचा सौरसंच बसविल्यास वर्षाला सुमारे १४,००० युनिट वीज तयार होईल. ही आपल्या गरजेपेक्षा जास्त असल्याने बिल शून्य होऊन वर्षाला रु. १,२०,६०० ची बचत होईल. संचाचा खर्च रु. ५,५०,००० (कोटेशन सोबत जोडले आहे) धरल्यास साडेचार वर्षांत खर्च वसूल होईल."

सर कागदाला कागद लावून बघणारे आहेत, त्यामुळे एक जरी आकडा चुकला तरी विषय संपेल. म्हणून इथे टाकतेय, स्पष्ट सांगा.

---

पोपटराव_७२

ताई पत्र झकास आहे, पण सबसिडी लिहायला विसरलात. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार मिळतात, आमच्या मेव्हण्याच्या खात्यात थेट जमा झाले. ते वजा केले तर खर्च पावणेपाच लाखांच्या आत येतो. हे नक्की लिहा, सबसिडी म्हणलं की कमिटी लगेच हो म्हणते.

---

मीटरवाला_काका

पोपटराव, ७८ हजार बरोबर पण ते घरगुती ग्राहकाला. ३ किलोवॅट किंवा त्यावर कितीही बसवा, घराला जास्तीत जास्त तेवढेच मिळतात. सोसायटीच्या सामाईक जोडणीसाठी वेगळा दर आहे. शाळेची जोडणी सार्वजनिक सेवा या वर्गात येते, तिला ही सबसिडी नाही. पत्रात लिहिलं आणि नंतर मिळाली नाही तर बाईंचंच नाव खराब होईल.

आता बाई तुमच्याकडे येतो. मी ३१ वर्षं वीज कंपनीच्या बिलिंगमध्ये काढली, आता रिटायर्ड आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकतेय ती म्हणजे १०.४९ हा दर. तुमच्यासारख्या २० किलोवॅटच्या आतल्या शाळेला मागच्या वर्षी एवढा दर पडायला नको होता. १,२०,६०० हा आकडा तुम्ही बिलावरच्या कुठल्या ओळीतून घेतला? "देय रक्कम" ची बेरीज केली का? तुम्हीच म्हणताय दोनदा बिल थकलं. थकलेलं बिल पुढच्या महिन्याच्या देय रकमेत पुन्हा येतं, म्हणजे तेच पैसे तुमच्या बेरजेत दोनदा धरले गेले.

बारा बिलं परत काढा आणि प्रत्येकातली फक्त चालू बिलाची रक्कम घ्या, थकबाकी आणि विलंब आकार सोडून. आणि त्यातही स्थिर आकार वेगळा काढा, तो सोलर लावलं तरी जात नाही. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क, एवढंच युनिटबरोबर कमी होतं.

आणि मंजूर भार किती आहे तो बघून सांगा, बिलावरच असतो.

---

सुनीता_पुणे

आमच्या घरी ३ किलोवॅट बसवलंय दोन वर्षं झाली, बिल एकदम १३० वर आलंय, सगळ्यांनी लावायलाच हवं. फक्त कबुतरांचा फार त्रास होतो, पॅनलच्या खाली घरटी करतात आणि वर घाण, त्याला जाळी कुठे मिळते कुणाला माहितीये का? शाळेत पण हा प्रॉब्लेम येईल बाई.

---

विज्ञानाच्या_बाई

काका, तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. जुलैचं बिल ९,८४४ होतं ते ऑगस्टच्या देय रकमेत परत आलंय, आणि नोव्हेंबरचं ५,९७४ डिसेंबरमध्ये. वर २४२ रुपये विलंब आकार आणि व्याज. हे सगळं काढलं तर चालू बिलांची बेरीज १,०४,५४० येते. म्हणजे मी सोळा हजार रुपये उगाच जास्त दाखवत होते! सरांनी पहिल्या मिनिटात पकडलं असतं.

स्थिर आकार शुल्कासकट महिना ४७०, म्हणजे वर्षाला ५,६४०. तो वजा केला तर ९८,९०० राहतात, भागिले ११,५०० म्हणजे युनिटला ८.६०.

मंजूर भार ८ किलोवॅट लिहिलाय. त्याचा काय संबंध?

---

मीटरवाला_काका

त्याचाच तर संबंध. नेट मीटरिंगच्या नियमात, महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम आहेत, छतावरच्या संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. तुमचा भार ८, संच १० चा, अर्ज तिथेच अडकला असता. भार वाढवून घेता येतो पण त्याची गरजच नाही, कारण १० किलोवॅट तुम्हाला मोठाच होतो.

असं बघा. वर्षाला १४,००० तयार होणार, वापर ११,५००, उरले २,५००. नेट मीटरमध्ये उरलेले युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि तेव्हा जे शिल्लक असतील ते कंपनी तिच्या दराने विकत घेते, तो दर तुमच्या ८.६० च्या जवळपासही नसतो. त्या २,५०० युनिटसाठी तुम्ही जवळजवळ लाखभर रुपयांची जास्तीची पॅनल लावणार. ८ किलोवॅट धरा, वर्षाला ११,२००. वापरापेक्षा जरासं कमी, हेच बरोबर माप.

शाळेचं एक वेगळंच गणित असतं त्यामुळे वर्षाची बेरीज देऊन भागत नाही, महिन्यावार काढा. तुमच्या सोलापूर भागात एप्रिल-मे महिन्यात एका किलोवॅटला महिन्याला १३८-१३९ युनिट धरायला हरकत नाही, जुलै-ऑगस्टला ८८ च्या आसपास, बाकीचे महिने १०० ते १४२ च्या मधे. सगळं मिळून १,४००.

---

कोकणातला_गुरुजी

आमच्या सिंधुदुर्गात जुलै महिन्यात एवढंही मिळत नाही बरं का. आणि आमच्या शाळेला कौलं आहेत, वर पॅनल कसं लावणार म्हणून विषय बंद झाला. बाई तुमच्या शाळेचा स्लॅब किती जुना आहे? गळतो का?

---

विज्ञानाच्या_बाई

गुरुजी, जुनी इमारत १९७८ ची, तिचा वरांडा पावसाळ्यात गळतो. नवीन विंगचा स्लॅब २०११ चा आहे तो कोरडा आहे, मी तिथलंच छत धरलंय, साधारण १,४०० चौरस फूट मोकळं आहे. दक्षिणेला उघडं आहे, पश्चिमेला एक कडुनिंब आहे ज्याची सावली मी काल चार वाजता जाऊन बघितली, टाकीपर्यंतच येते.

काका, महिन्यावार काढलं, आणि खरं सांगते, काढताना मलाच मजा वाटली. मे महिन्यात शाळा बंद, वापर ३१० आणि तयार होणार १,११२, तिथे ८०२ युनिट जमा. जूनमध्ये अर्धा महिना सुट्टीच, अजून १४४. म्हणजे ९४६ युनिट घेऊन आम्ही जुलैत शिरतो. जुलै-ऑगस्टला वापर ११०० च्या घरात आणि तयार होणार फक्त ७०४, दोन्ही महिन्यांची तूट ३८६ आणि ४१६, ती त्याच जमा युनिटमधून भरून निघते आणि तरी १४४ उरतात! सप्टेंबरला मात्र ते संपून २०० युनिटचं बिल येतं. नोव्हेंबरला दिवाळीची सुट्टी, परत २८० जमा, ते डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीत पुरतात. वर्षभरात फक्त ३०० युनिटचं बिल भरावं लागतं आणि ३१ मार्चला शिल्लक शून्य.

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आमची मोठी सुट्टी त्याच्या पहिल्या तीन महिन्यांतच येते, म्हणून सुट्टीतली वीज वाया जात नाही. हाच सुट्टीचा काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये असता तर सगळं कंपनीला द्यावं लागलं असतं. हे मी पत्रात लिहिणार, कारण सरांचा पहिला प्रश्न हाच असेल की मे महिन्यात शाळा बंद असते मग काय उपयोग.

---

पोपटराव_७२

मग बिल शून्य येणार की नाही ते सांगा ना सरळ, एवढे आकडे सरांना कशाला.

---

मीटरवाला_काका

शून्य येणार नाही. स्थिर आकाराचे ५,६४० आणि ३०० युनिटचे २,५८०, मिळून ८,२२० राहतात. पत्रात "शून्य" शब्द कुठेच लिहू नका. पहिल्या महिन्यात ४७० चं बिल आलं की शाळेत कुणीतरी म्हणणारच, शून्य म्हणाला होतात ना.

---

सोलर_फिटर_लातूर

मी बसवतो ही कामं, त्यामुळे थोडं आतलं सांगतो. १,४०० युनिट हे पॅनल स्वच्छ असतील आणि दिवसभर लाइट असेल तर. तुमच्या भागात दुपारी लाइट जाते का? ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतः बंद होतो, बंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागेल. तेवढा वेळ कडक ऊन असलं तरी एक युनिट तयार होत नाही. आणि धूळ. बार्शीकडे फेब्रुवारी ते मे इतकी धूळ असते की पंधरा दिवस धुतलं नाही तर हाताने रेघ ओढता येते. म्हणून मी शाळांना १,३०० धरायला सांगतो.

दुसरं, कोटेशन कधीचं आहे? सप्टेंबर २०२५ च्या आधीचं असेल तर नवीन मागवा, सोलरच्या सामानाचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ चा ५ झालाय. सामान आणि मजुरी एकत्र धरून आधी १३.८ टक्के पडायचा तो आता ८.९.

तिसरं, स्लॅबला ड्रिल मारून स्ट्रक्चर बसवणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

---

सुनीता_पुणे

हो हे ड्रिलचं फार महत्त्वाचं आहे! आमच्या शेजारच्या सोसायटीत एका कंत्राटदाराने स्लॅबला सरळ भोकं पाडून अँकर ठोकले, खाली वॉटरप्रूफिंगचा थर फुटला, पहिल्या पावसात चौथ्या मजल्यावरच्या दोन घरांचं छत ओलं. आणि तो म्हणतो वॉटरप्रूफिंग आमच्या कामात नव्हतं. कागदावर लिहिलेलं नव्हतं म्हणून काही करता आलं नाही.

---

विज्ञानाच्या_बाई

कोटेशन ऑगस्टमधलं आहे, १० किलोवॅटचे साडेपाच लाख, करासकट. फिटरदादा तुमच्या हिशोबाने जुना कर काढून नवा लावला आणि ८ किलोवॅट धरलं तर ४,२१,००० च्या आसपास येतं. नवीन कोटेशन मागवतेच.

लाइटचं म्हणाल तर मंगळवारी दुरुस्तीसाठी जाते, बाकी मधूनमधून. मी मागच्या महिन्यापासून वहीत लिहून ठेवतेय, ऑक्टोबरमध्ये शाळेच्या वेळात एकूण ११ तास गेली. मग १,३०० च धरते.

आणि लाइट गेल्यावर सोलरही बंद, हे सरांना माहीत नसणार. स्टाफरूममध्ये सगळ्यांचा समज हाच आहे की सोलर आलं की लाइट गेली तरी पंखे चालू. हे मी पत्रात वेगळ्या ओळीत लिहिते, नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आमचा जुना बॅटरी इन्व्हर्टर ऑफिस आणि लॅबला आहे तो तसाच राहील.

---

झेडपी_शाळा_४

बाई एक विचारू का, तुम्ही पत्र मुख्याध्यापकांना देताय, पण आमच्याकडे झेडपीच्या शाळेत इमारत जिल्हा परिषदेची, त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावा लागतो, वर्ष झालं तिथेच आहे. तुमच्याकडे कोण मंजूर करणार?

---

मीटरवाला_काका

हा चांगला मुद्दा. बाई, वीज जोडणी कोणाच्या नावावर आहे तेही बघा. पुष्कळ जुन्या शाळांचं मीटर वीस वर्षांपूर्वीच्या सचिवांच्या नावावर असतं, कधीकधी ते हयातही नसतात. नेट मीटरचा अर्ज जोडणीधारकाच्याच नावाने जातो, त्यामुळे आधी नाव बदलावं लागतं. सहीही संस्थेची लागेल, मुख्याध्यापकांची एकट्याची चालणार नाही.

---

विज्ञानाच्या_बाई

जोडणी "सचिव" अशी फक्त पदाच्या नावाने आहे, बरं झालं. आमच्याकडे संस्थेची कार्यकारिणी आहे, सर तिथे विषय मांडतात. त्यामुळे पत्र सरांना आणि प्रत सचिवांना.

नवीन मसुदा टाकतेय, शेवटचा समजा:

"मा. मुख्याध्यापक यांस, सविनय सादर. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात शाळेने ११,५०० युनिट वीज वापरली. थकबाकी व विलंब आकार वगळून चालू बिलांची बेरीज रु. १,०४,५४० आहे (महिन्यावार तक्ता जोडला आहे). यातील रु. ५,६४० हा स्थिर आकार असून तो कमी होणार नाही. उरलेल्या रकमेवरून युनिटचा दर रु. ८.६० निघतो.

शाळेचा मंजूर भार ८ किलोवॅट असल्याने तेवढाच संच सुचवीत आहे. धूळ व वीज खंडित होण्याचा काळ लक्षात घेऊन वर्षाला १०,४०० युनिट धरले आहेत. त्यांची किंमत रु. ८९,४४० होते. यातून धुलाई व देखभालीसाठी रु. ६,००० वजा केल्यास निव्वळ बचत रु. ८३,४४० राहते. अंदाजे खर्च रु. ४,२१,००० असून तो सुमारे पाच वर्षांत वसूल होईल. इन्व्हर्टर पुढे कधीतरी बदलावा लागेल, त्याचा खर्च यात धरलेला नाही.

मे महिन्यात शाळा बंद असताना तयार होणारी वीज खात्यावर जमा होऊन जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येते. वीज गेल्यावर हा संच चालत नाही. संच नवीन विंगच्या छतावर, स्लॅबला छिद्र न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवावा आणि वाढीव वजनासाठी स्लॅबची तपासणी अभियंत्याकडून आधी करून घ्यावी, ही विनंती."

---

सोलर_फिटर_लातूर

चांगलंय. एकच, ठोकळ्यांवर बसवताना वाऱ्याचा विचार करायला सांगा, तुमच्याकडे मे महिन्यात वळवाच्या आधी जे वादळ येतं त्यात हलके ठोकळे उचलले जातात. ठोकळ्याचं वजन किती ते कोटेशनमध्ये हवं. कडेच्या पॅराफिटपासून चार फूट आत ठेवा. आणि छतावर नळ घ्या, बादल्या चढवून कोणी दर पंधरा दिवसांनी धुणार नाही हे लिहून देतो.

---

मीटरवाला_काका

८.६० हा मागच्या वर्षीचा दर आहे. त्यानंतर दर बदललेत, त्यामुळे या वर्षीच्या ताज्या बिलावरून तसाच दर काढून कंसात न टाकता सरळ दुसऱ्या ओळीत लिहा, सर विचारतीलच. आणि बिलाच्या मागे झोन ए, बी, सी, डी अशी विभागणी यायला लागली आहे का ते बघा.

---

विज्ञानाच्या_बाई

हो काका! सप्टेंबरमध्ये मीटर बदलून गेले त्यानंतरच्या बिलावर आलेत झोन. त्याने काय फरक पडतो?

---

मीटरवाला_काका

वेळेनुसार दर असेल तर दिवसा तयार झालेलं युनिट दिवसाच्याच वापरातून आधी वजा होतं. तुमचा वापर बहुतेक १० ते ५ मधलाच आहे त्यामुळे मोठा फरक पडू नये असं मला वाटतं. पण तुमचा पाण्याचा पंप किती वाजता चालतो आणि रात्री बाहेरचे दिवे किती असतात?

---

सोलर_फिटर_लातूर

काका मी इथे थोडा असहमत. माझ्या दोन गिऱ्हाइकांचं झोनवालं बिल आल्यापासून सुट्टीतले जमा युनिट नंतर कसे वजा होतायत यावर ऑफिसमध्ये भांडण चालू आहे. बाईंचा सगळा हिशोब त्या ९४६ युनिटवर उभा आहे. ते तसेच्या तसे जुलैत मिळतील असं छातीठोक लिहू नका.

---

मीटरवाला_काका

ते खरंय, जमा युनिटच्या बाबतीत मीही पैज लावणार नाही. बाई, उपविभागाच्या ऑफिसला लेखी विचारा, तोंडी नको. शाळेच्या लेटरहेडवर एक अर्ज द्या आणि पोच घ्या.

---

विज्ञानाच्या_बाई

पंप सकाळी सहाला शिपाई मामा लावतात, टाकी भरायला दीड तास. तो अकराला लावायला सांगितला तर तेवढा वापर दिवसात येईल, त्याला काही खर्च नाही, उद्याच बोलते त्यांच्याशी. रात्री गेटवरचे दोन दिवे असतात फक्त.

जमा युनिटची ओळ बदलून "महावितरणकडून लेखी खुलासा मागविला असून तो आल्यावर तक्ता सुधारून देईन" असं करते. आणि फिटरदादा, धरून चला की जमा युनिट अजिबात मिळाले नाहीत, तर काय होईल तेही मी काढलं. मे, जून आणि नोव्हेंबरचे जास्तीचे १,२२६ युनिट गेले तर बचत साधारण साडेदहा हजारांनी कमी होते, म्हणजे ७३ हजारांच्या आसपास, आणि पाच वर्षांची पावणेसहा वर्षं होतात. हेही पत्रात टाकतेय.

---

विज्ञानाच्या_बाई (सोमवारी)

सरांना पत्र दिलं. त्यांनी तक्ता दोनदा वाचला, जुलै आणि ऑगस्टच्या ओळीवर पेन्सिलने खूण केली आणि विचारलं की हे थकलेलं बिल दोनदा धरलेलं नाही ना. मग म्हणाले स्लॅबची तपासणी कोण करून देईल ते आधी ठरवा, कार्यकारिणीची बैठक डिसेंबरमध्ये आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला विचारलंय, तो पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, येत्या रविवारी येतोय. १९७८ च्या इमारतीचं पण बघून घेईन म्हणाला.

---

कोकणातला_गुरुजी

बाई तो आला की त्याला कौलांचं पण विचाराल का, आमच्या शाळेसाठी?